नोकरकपात करताना: आधी निकष, मग नावं

नावं डोक्यात ठेवून निकष लिहायला बसू नका. तसं केलंत, तर निकष त्या माणसांच्या मापाने शिवले जातात आणि बाकीच्यांना ते लगेच कळतं. आधी ठरवा, पुढच्या वर्षभरात कोणतं काम उरणार आहे. समजा, ग्राहकसेवेतल्या चौघांपैकी दोघांनाच ठेवता येणार आहे. मग त्या चौघांचीच तुलना करा. उरलेल्या कामाला लागणारं कौशल्य, गेल्या दोन वर्षांचे लेखी कामगिरी अहवाल आणि दुसऱ्याचं काम सांभाळण्याची तयारी, एवढे तीन निकष पुरतात. दोन वरिष्ठांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत आणि फरक पडेल तिथे कागदावरचा पुरावा पाहावा. ‘वृत्ती’ हा निकष नकोच, त्यात आवडनिवड लपते. बाळंतपणाची किंवा आजारपणाची रजा गुणांत धरू नका. त्या काळातले आकडे बाजूला काढून हिशेब करा. कोणाला आधी काढायचं याचे, नोटिशीचे आणि भरपाईचे नियम कामगार कायद्याच्या वकिलाकडून आधीच तपासून घ्या.

सांगताना हवापाण्याच्या गप्पा नकोत. बसल्याबसल्या म्हणा, “वाईट बातमी आहे. तुमचं पद आपण बंद करतोय, शेवटचा दिवस अमुक तारखेला.” मग गप्प बसा. ही शांतता असह्य होते आणि आपण सारवासारव करू लागतो. तिथेच “बघू, काहीतरी करू” असं खोटं आश्वासन निसटतं. निर्णय पक्का असेल, तर तसं स्पष्ट सांगा. देय रक्कम, उरलेल्या रजेचे पैसे, अनुभवपत्र हे सगळं लेखी हातात द्या. सही त्याच बैठकीत मागू नका.