वास्तुशांतीचा मुहूर्त पुढे गेला तर रजेचे काय?

प्रश्न : सोलापुरात नव्या घराची वास्तुशांत करायची आहे. गुरुजींनी शुक्रवारचा मुहूर्त दिला आहे, पण तारीख बदलू शकते असेही म्हणाले. आम्हाला शनिवार-रविवार सुट्टी असते. रजेचा अर्ज कसा करावा?

उत्तर : मी येथील एका कार्यालयात आस्थापनेचे काम पाहतो, त्यामुळे असे अर्ज माझ्याकडे वरचेवर येतात. माझे मत असे की मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही तारखा एकाच अर्जात द्याव्यात. मात्र पर्यायी तारीख विचारपूर्वक निवडावी.

पंचांगातील मुहूर्त जागचा हलत नाही. हलते ती आपली अडचण. (दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघते, तेव्हा वास्तूचे मुहूर्त स्वतःही पाहून ठेवता येतील.) घराचा ताबा लांबतो, विजेचा मीटर बसत नाही, किंवा भावकीत सुतक अथवा सुवेर येते. पहिल्या दोन कारणांसाठी चार दिवसांनंतरचा मुहूर्तही चालू शकतो. परंतु जवळच्या भावकीतील सुतक साधारणतः दहा दिवस पाळले जात असल्याने त्यात हे दोन्ही मुहूर्त हातचे जातात. म्हणून गुरुजींकडे निदान पंधरा दिवसांच्या अंतराचा दुसरा मुहूर्त मागावा. साहेब "रविवारीच का करत नाही?" असे हमखास विचारतात, गृहप्रवेशासाठी रविवार आणि मंगळवार परंपरेने टाळतात, एवढे उत्तर पुरेसे आहे.

शुक्रवारच्या मुहूर्तासाठी गुरुवार आणि शुक्रवार अशी दोन दिवसांची किरकोळ रजा पुरते. गुरुवारी साफसफाई, सामान आणि पूजेची तयारी होते, शुक्रवारी होम आणि जेवणावळ, आणि सत्यनारायण वेगळा करायचा असल्यास शनिवार मोकळाच आहे. अर्जात असे लिहावे : "नवीन घराच्या वास्तुशांतीसाठी वरील दोन दिवसांची किरकोळ रजा मंजूर व्हावी. अपरिहार्य कारणाने मुहूर्त बदलल्यास ही रजा रद्द समजून पुढील पर्यायी तारखांना ती मिळावी. अंतिम तारीख मी आठ दिवस आधी लेखी कळवीन." सुतक मात्र आठ दिवस आधी कळवून येत नाही, म्हणून तशा वेळी त्याच दिवशी कळवावे.

तारीख बदलल्यावर नुसता फोन करून थांबू नये. जुनी रजा रद्द करण्याचे पत्र आले नाही, तर ती नोंदवहीत तशीच राहते आणि नवी रजाही खात्यातून वजा होते.

मुहूर्त मार्गशीर्षाच्या अखेरीस असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. पौषात वास्तुशांत करणे अनेकजण टाळतात, त्यामुळे पर्यायी तारीख माघात, म्हणजे पुढच्या इंग्रजी वर्षात जाते. बहुतेक कार्यालयांत किरकोळ रजा ३१ डिसेंबरला संपते, म्हणून त्या तारखेसाठी जानेवारीत नव्या खात्यावर स्वतंत्र अर्ज करावा.