ट्रेब्युशेमध्ये वजन वाढवलं तर चेंडू जवळ का पडतो?

प्रश्न: आम्ही मेकॅनिकलचे विद्यार्थी ट्रेब्युशेचं मॉडेल बनवतोय. काउंटरवेट ३ किलोवरून ५ किलो केलं तर चेंडू आणखी जवळ पडतो. काउंटरवेटचं प्रमाण आणि आर्मची लांबी नेमकी कशी ठरवायची?

उत्तर:

डिप्लोमाला असताना आमचंही अगदी हेच झालं होतं. दोष वजनात नाही, गोफण सुटण्याच्या क्षणात आहे.

आमचा आर्म १ मीटरचा होता. शाफ्टपासून लांब बाजू ८० सेंमी, आखूड २०, म्हणजे ४:१. चेंडू ५० ग्रॅमचा. ३ किलोला (६०:१) २० मीटर अंतर मिळालं, ५ किलोला (१००:१) फक्त १७. मोबाइलवर बाजूने स्लो मोशन काढलं तेव्हा कळलं, चेंडू जवळजवळ आडवा सुटत होता. काउंटरवेट हलकं असेल तर चेंडू आर्मला मंदावतो आणि गोफण पटकन पुढे येते. जड वजनाने आर्म तितका मंदावत नाही, गोफण मागे राहते आणि चेंडू उशिरा सुटतो. आर्मच्या टोकाची पिन थोडी सरळ केली, की तिच्यात अडकवलेली गोफणीची रिंग लवकर निसटते. तेवढ्याने त्याच ५ किलोला ३३ मीटर मिळाले.

म्हणून प्रत्येक बदलानंतर पिन पुन्हा लावा, चेंडू साधारण ४५ अंशांत सुटेपर्यंत. नाहीतर तुम्ही वजन नाही, पिनच मोजत बसाल.

आर्मचं प्रमाण शाफ्टचं भोक सरकवून बदलता येतं, पण त्यात एक खोच आहे: काउंटरवेट खाली येण्याची उंचीही बदलते. आर्म ४५ अंशांवरून सुटत असेल तर ती आखूड बाजूच्या साधारण १.७ पट. ४:१ ला ३४ सेंमी, ३:१ ला जवळपास ४३. म्हणून नुसती अंतरं एकमेकांशी ताडून बघू नका, हवेचा विरोध नाही असं धरून निघणाऱ्या कमाल अंतराशी ताडून बघा: `R = 2(M/m)h`. यात M काउंटरवेटचं वजन, m चेंडूचं आणि h म्हणजे काउंटरवेट खाली येण्याची उंची. ५ किलोला ४:१ वर ते ६८ मीटर येतं, म्हणजे आम्ही निम्म्याच्या आसपास होतो. ३:१ ला कमाल ८५, मिळाले ३०. ५:१ ला ५७ पैकी २७. गोफण दर वेळी लांब बाजूएवढी ठेवली होती. ७ किलोला ३८ मीटर गेला खरा, पण कमाल ९५ होती आणि फ्रेम मागे-पुढे डोलायला लागली. ती ऊर्जा चेंडूच्या वाट्याची.

प्रत्येक सेटिंगला पाच फेका घ्या आणि मधला आकडा धरा. एकाच सेटिंगचे फेक ३ मीटरने इकडेतिकडे पडत असतील, तर १ मीटरच्या फरकावर भांडू नका. (आम्ही भांडलो.)

व्हिडिओत आणखी एक बघा: चेंडू सुटतो त्या क्षणी काउंटरवेट शाफ्टच्या थेट खाली येऊन जवळपास थबकलं, तर जुळणी बरोबर आहे. सुटल्यावरही ते जोरात झुलत राहिलं, तर तेवढी ऊर्जा त्यातच अडकली.

आणि पिन सरळ करताना मागे कुणाला उभं करू नका. जरा जास्त सरळ झाली की चेंडू उभा वर जातो किंवा चक्क मागे येतो.