सही माझी नाही, की मनाविरुद्ध झाली?

“बारा वर्षांपूर्वी भावांनी माझ्या नावाने हक्कसोडपत्र केले. त्यावरची सही खोटी आहे आणि तेव्हा दबावही होता. ते आता रद्द होईल का?”

माहेरच्या जमिनीचा विषय घेऊन येणाऱ्या बहिणी हे दोन आरोप बहुधा एका दमात करतात. न्यायालयात मात्र ते एकमेकांना छेद देतात. सही बनावट असेल तर दस्त मुळातच निरर्थक ठरतो. सही स्वतःची, पण दबावाने किंवा फसवून घेतलेली असेल, तर सहसा न्यायालय रद्द करेपर्यंत तो दस्त उभा राहतो. शिवाय नोंदणीकृत दस्त खरा मानूनच सुरुवात होते आणि पुराव्याचा भार बहिणीवर येतो.

वाई तालुक्यातील एक ताई कित्येक भेटींत “सही माझी नाहीच” यावर ठाम होत्या. दुय्यम निबंधकांकडून दस्ताची प्रमाणित प्रत मागवली, तर तिच्यावर त्यांचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा होता. उलटतपासणी करणे माझ्या स्वभावात नाही. माणसाला त्या दिवसापर्यंत चालत नेले की तो स्वतःच बोलतो, असे मी मानते. म्हणून मी फक्त विचारले, “फोटोतली ही साडी कोणती?”

बराच वेळ गेल्यावर त्या म्हणाल्या, “आईची. अण्णांचे तेरावे नुकतेच झाले होते. दादा म्हणाला, वारस नोंदीसाठी सही लागते. वाचून कोणी दाखवले नाही. सही माझीच आहे, मॅडम.”

त्या खोटे बोलत नव्हत्या. सही मान्य करणे म्हणजे हिस्सा आपणच सोडला हे मान्य करणे, असे त्यांच्या मनाने धरले होते. ही गाठ सुटली आणि दाव्याला पाय मिळाले, याचे मला आजही समाधान आहे.

आता आरोप होता दस्ताच्या स्वरूपाविषयीच्या फसवणुकीचा. अशा दाव्यात “फसवले” एवढे लिहून भागत नाही. कोण काय म्हणाले, कुठे, साक्षीदार कोणाच्या बाजूचे, मोबदला मिळाला का, हे सविस्तर मांडावे लागते. दस्त रद्द करण्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असून, ज्या बाबींमुळे दस्त रद्द करून मागता येतो त्या प्रथम कळल्या तेव्हापासून ती मोजली जाते. ताईंना हे दोन वर्षांपूर्वी, भावाने जमीन विक्रीला काढली तेव्हा कळले होते. पण फेरफाराच्या जुन्या नोटिशीवर त्यांची सही निघाली असती, तर तारीख मागे गेली असती, म्हणून तलाठ्याकडची ती कागदपत्रे आधी पाहिली. प्रांताकडे अपील करून फेरफार फार तर बदलतो, दस्त रद्द होत नाही. ते काम दिवाणी न्यायालयाचेच.

वकिलांनी दस्त रद्द करणे, वाटप आणि विक्रीस मनाई अशा तिन्ही मागण्या एकाच दाव्यात केल्या आणि दावा चालू असल्याची नोटीसही निबंधकांकडे नोंदवली. महाराष्ट्रात ती नोंदवली नसेल, तर मध्येच जमीन घेणारा “मला दाव्याचे माहीत नव्हते” म्हणून हात वर करू शकतो.