इंटरेस्टेड आहे, पण आधी रोल तरी कळू दे

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी साडेतीन वर्षं एका कंपनीत टेस्टिंगला आहे. परवा लिंक्डइनवर एका रिक्रूटरचा मेसेज आला की तुमचं प्रोफाइल आमच्या क्लायंटच्या क्यूए इंजिनियरच्या रोलला मॅच होतंय, इंटरेस्टेड असाल तर अपडेटेड सीव्ही, सध्याचा पगार आणि नोटिस पिरियड पाठवा. कंपनीचं नाव नाही, काम काय तेही नाही. मला बदल हवाय पण सगळं आधीच देऊन टाकायला नको वाटतं. जास्त विचारलं तर भाव खातोय असं वाटेल का? नेमकं काय लिहू?

उत्तर: भाव खातोय वगैरे कोणाला काही वाटत नाही रे. मी मार्गदर्शनात येण्याआधी आठ वर्षं त्या बाजूला होते, म्हणजे हेच मेसेज पाठवायचे, त्यामुळे तिकडून काय दिसतं ते सांगते. एखादा रोल आला की आम्ही सर्च लावायचो, त्यातून चाळीस-पन्नास प्रोफाइल काढायचो आणि एकच मजकूर फक्त नाव बदलून सगळ्यांना. निम्म्याहून जास्त लोक गप्प, काही जण नुसतं ‘इंटरेस्टेड’ एवढंच लिहून गप्प, काही जण न विचारता सीव्ही चिकटवून मोकळे, आणि एखाद-दुसरा असा की जो दोन ओळींत स्वतःचं सांगून तीन नेमके प्रश्न विचारायचा. हाच शेवटचा माणूस आमच्या लक्षात राहायचा, कारण याला फोन केला तर वेळ वाया जाणार नाही हे कळायचं. आणि अजून एक गंमत सांगते, रिक्रूटरला अनोळखी माणसाला मेसेज टाकायला जे इनमेल क्रेडिट लागतं ते मोजकंच मिळतं, आणि समोरच्याने ९० दिवसांत उत्तर दिलं तर, अगदी नकार दिला तरी, ते क्रेडिट परत जमा होतं. म्हणजे तुझा मेसेज त्यांना इनमेल म्हणून पाठवला असेल तर तुझ्या उत्तराने त्यांचा फायदाच आहे. मेसेजखाली तयार उत्तराचं बटण येतं ना, ते मात्र दाबून सोडून देऊ नकोस, त्यातून तुझ्याकडून फक्त होकार जातो, प्रश्न काहीच जात नाही.

आता तुझ्या मेसेजमधला एक शब्द बघ, ‘आमच्या क्लायंटच्या’. यावरून कळतं की हा कंपनीचा स्वतःचा एचआर नाही, मधली एजन्सी आहे. एजन्सीला साधारणपणे पैसे कधी मिळतात, तर त्यांनी पाठवलेला माणूस जॉइन झाला की. म्हणून कंपनीचं नाव सुरुवातीला लपवतात, भीती ही की नाव कळलं की तू सरळ त्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन अप्लाय करशील आणि यांचं कमिशन जाईल. यात फसवणूक असतेच असं नाही, धंद्याची रीत आहे. पण ही भीती तुला माहीत असली की तू तिलाच उत्तर देऊ शकतोस, आणि नाव मिळायची शक्यता बरीच वाढते.

आणि नाव तुला हवंच आहे, नुसत्या उत्सुकतेपोटी नाही. एकाच रोलसाठी बऱ्याचदा दोन-तीन एजन्सी एकाच वेळी माणसं शोधत असतात. तू आज एकीला सीव्ही दिलास, पुढच्या आठवड्यात दुसरीला दिलास, दोघींनी नाव सांगितलं नाही, आणि दोघींनी तो एकाच कंपनीकडे पाठवला तर? माझ्या काळात असं एका मुलीचं झालेलं मला अजून आठवतं. आमच्याकडून तिचा सीव्ही गेला आणि कंपनीने कळवलं की याच ईमेल आयडीने हा कँडिडेट चार दिवसांपूर्वी दुसरीकडून आलाय. मग कमिशन कोणाचं यावर दोन्हीकडून मेलामेली, शेवटी तिकडच्या मॅनेजरने सांगितलं की जाऊ दे, हे झंझट नको, दुसरा माणूस दाखवा. मुलगी हुशार होती, इंटरव्ह्यूपर्यंत गेलीच नाही, आणि तिला यातलं काहीही कळलं नाही, तिला फक्त ‘पोझिशन होल्डवर आहे’ असं सांगितलं गेलं. सगळ्या कंपन्या असं करतात असं नाही, काही जण ज्याचा सीव्ही आधी आला त्याला धरतात, पण हा धोका तुझ्या डोक्यावर का घ्यायचा. म्हणून नियम एकच ठेव, कंपनीचं नाव कळल्याशिवाय सीव्ही द्यायचा नाही.

नावाशिवाय अजून काय विचारायचं? फक्त दोन-तीन गोष्टी. पहिली कामाची, आणि तुझ्या क्षेत्रात ही फार महत्त्वाची कारण ‘क्यूए इंजिनियर’ या एकाच नावाखाली एकीकडे दिवसभर तेच टेस्ट केस हाताने चालवणं असतं आणि दुसरीकडे सेलेनियमसारख्या टूलमध्ये ऑटोमेशनच्या स्क्रिप्ट लिहिणं असतं. दोन्ही कामं वेगळी, पुढचा रस्ताही वेगळा. म्हणून ‘रोलबद्दल सांगा’ असं मोघम विचारू नकोस, मॅन्युअल किती आणि ऑटोमेशन किती असं विचार, मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येतं. दुसरी म्हणजे रोल पर्मनंट आहे की काँट्रॅक्ट, आणि पगार कोणाच्या पेरोलवर. एजन्सीच्या पेरोलवर घेऊन क्लायंटकडे बसवणं हा प्रकार खूप चालतो, त्यात वाईट काही नाही पण ते ऑफर लेटर हातात आल्यावर कळायला नको. तिसरी पगाराची रेंज. त्यांनी तुझा सध्याचा पगार विचारलाय, तो आत्ता सांगायची गरज नाही, कारण एकदा आकडा गेला की पुढची सगळी बोलणी त्याच्या भोवती फिरतात. त्यापेक्षा या रोलचं बजेट काय ते त्यांनाच विचार. टीम केवढी, वेळा काय, घरून काम किती दिवस, हे सगळं फोनवर. पहिल्याच मेसेजमध्ये दहा प्रश्न टाकलेस तर रिक्रूटर उत्तर द्यायचं टाळतो, रागाने नाही, तर त्यातल्या सहांची उत्तरं त्याच्याकडेच नसतात म्हणून.

मी तुझ्या जागी असते तर असं लिहिलं असतं (तू इंग्रजीत लिहिशील बहुतेक, पण सूर हाच ठेव, आणि तिसरं वाक्य तुझ्या खऱ्या कामाप्रमाणे बदल):

> नमस्कार, मेसेजबद्दल धन्यवाद. योग्य रोल असेल तर बदलाचा विचार करतोय. मी साडेतीन वर्षं टेस्टिंगमध्ये आहे, गेलं वर्षभर मुख्यतः ऑटोमेशनवर. सीव्ही पाठवण्याआधी तीन गोष्टी कळल्या तर बरं होईल: कामात मॅन्युअल आणि ऑटोमेशनचं प्रमाण काय, रोल पर्मनंट आहे की काँट्रॅक्ट, आणि पगाराची रेंज. क्लायंटचं नावही सांगाल का? दुसरीकडून माझा सीव्ही तिथे आधीच गेलेला नाही ना हे मला बघून घ्यायचंय, आणि पुढे जायचं ठरलं तर तुमच्यामार्फतच जाईन. जेडी असेल तर पाठवा. फोनवर बोलायचं असेल तर उद्या किंवा परवा संध्याकाळी सहानंतर मोकळा आहे.

यात ‘तुमच्यामार्फतच जाईन’ हे जे आहे ना, ते त्या कमिशनच्या भीतीवरचं औषध आहे. पण लिहिलंस तर पाळ, रिक्रूटर मंडळी असल्या गोष्टी विसरत नाहीत. आणि ‘योग्य रोल असेल तर’ यात इंटरेस्टही दिसतो आणि नोकरीसाठी घायकुतीला आलोय असंही वाटत नाही. परवाचा मेसेज आहे म्हणतोस तर आजच पाठवून दे, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत ज्यांची उत्तरं येतात त्यांच्यातूनच यादी बनायला लागते.

पुढे काय होईल? जेडी आणि नाव आलं तर उत्तम. पण बऱ्याचदा येतं ते ‘आधी सीव्ही पाठवा, मग डिटेल्स देतो’. तिथे चिडू नकोस, एकदाच शांतपणे लिही की माझं प्रोफाइल तुमच्यासमोर आहेच, कामाचं सगळं त्यात आहे, दहा मिनिटं फोनवर बोलू आणि मग सीव्ही पाठवतो. लिहून नाव द्यायला कचरणारे बरेच जण फोनवर सांगून टाकतात. फोनवरही नाव नाही, काम काय ते नाही, नुसतं ‘टॉप कंपनी आहे, छान संधी आहे’ चालू असेल तर समज की या माणसाकडे बहुधा ठोस रोल नाही, नुसते सीव्ही गोळा करणं चाललंय, मग सोडून दे. आणि कोणी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले, ओटीपी किंवा ओळखपत्राची कॉपी मागितली तर तिथे बोलायचंच नाही, सरळ रिपोर्ट करायचं.

फोन चांगला झाला तर फोन ठेवल्या ठेवल्या एक मेसेज टाक: ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे अमुक कंपनीच्या अमुक रोलसाठी माझा सीव्ही पाठवायला हरकत नाही, दुसरीकडे कुठे पाठवायच्या आधी मला विचारा.’ सीव्ही या मेसेजसोबतच जाऊ दे. आणि स्वतःकडे एका वहीत किंवा शीटमध्ये कंपनी, रोल, एजन्सी, तारीख एवढी नोंद ठेव. दोन महिन्यांनी दुसऱ्या एजन्सीचा फोन येतो आणि वर्णन ऐकून ओळखीचं वाटतं, तेव्हा ही नोंद कामी येते.

कंपनीच्या स्वतःच्या रिक्रूटरचा मेसेज असता तर हे सगळं एवढं लागलं नसतं, नाव समोरच असतं, मग फक्त काम आणि रेंज विचारायची.

उत्तरच आलं नाही तर पाच-सहा दिवसांनी एक ओळीची आठवण टाक, त्यानंतर नाही. रोल भरला गेला असेल, होल्डवर गेला असेल, किंवा त्या माणसाने स्वतःच नोकरी बदलली असेल, हेही होतं बरं का.

अजून एक, हे सगळं ऑफिसच्या लॅपटॉपवरून करू नकोस. आणि लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ लावणार असशील तर फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय निवड, त्यात तुझ्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न करतात पण खात्री लिंक्डइनही देत नाही. नोटिस पिरियड मात्र सांगायला हरकत नाही, तो लपवून काही मिळत नाही, फक्त आज तुझं ऑफर लेटर काढून त्यात नक्की किती दिवस लिहिलेत ते वाच, कारण अंदाजे दोन महिने सांगणारे आणि कागदावर तीन निघालेले मी बरेच पाहिलेत.