फोटोंवरून फ्रिजचा प्रकार

प्रश्न: इंदूरला जुना फ्रिज बघितलाय. फोटोत फ्रीझरच्या मागच्या भिंतीला फटी आहेत, बाहेर मागे काळी जाळी. डायरेक्ट कूल की फ्रॉस्ट फ्री?

उत्तर: फ्रॉस्ट फ्री. त्या फटींमागे कॉइल आणि पंखा असतो. पंखा गार हवा फ्रीझरमध्ये आणि खालच्या कप्प्यात ढकलतो. डायरेक्ट कूलमध्ये फ्रीझरच्या भिंतीच थेट गार होतात, म्हणून बर्फ भिंतींवरच साचतो आणि बहुधा थर्मोस्टॅटच्या मधोमध डीफ्रॉस्टचं बटण असतं. बाहेरची काळी जाळी कंडेन्सरची, ती दोन्हींत असू शकते. तिच्यावरून काहीच ठरत नाही. मात्र फटी फक्त खालच्या कप्प्यात असत्या तर मी खात्रीने सांगितलं नसतं, कारण काही डायरेक्ट कूलमध्येही तिथे छोटा पंखा असतो. घेण्याआधी फटींवर बर्फाचा थर नाही ना, बघाच. असला तर डीफ्रॉस्टचा हीटर किंवा सेन्सर गेलेला असू शकतो.