आधी नाक, मग गॅस, शेवटी बटणं

प्रश्न : मी पंचवटीतल्या एका शाळेत दुसरीला शिकवते. झोपण्याआधी आईबरोबर घरातली बटणं आणि गॅसचा रेग्युलेटर तपासणाऱ्या जुईची गोष्ट मी वर्गासाठी लिहिली आहे. जुई हॉलपासून सुरुवात करते, एकेक बटण बंद करत स्वयंपाकघरात येते. तिथे तिला गॅसचा वास येतो, ती पटकन दिवा बंद करते आणि आईला हाक मारते. गोष्ट जमली आहे का?

गोष्टीत जीव आहे. जुई आणि आई एकमेकींशी बोलतात तेही खरं वाटतं. पण ‘ती पटकन दिवा बंद करते’ हे वाक्य वर्गात वाचण्याआधी काढून टाका.

गॅसचा वास आला की विजेच्या कुठल्याच बटणाला हात लावायचा नसतो. लागलेला दिवा लागलेलाच राहू द्यायचा, विझलेला विझलेलाच. बटण दाबताना आतले दोन पत्रे जुळतात किंवा सुटतात, आणि दोन्ही वेळी त्यांच्यात बारीकशी ठिणगी उडू शकते. एरवी तिने काही बिघडत नाही. सिलिंडरमधला गॅस मात्र हवेत साधारण दोन टक्के मिसळला तरी पेट घेऊ शकतो, आणि त्याला तेवढी ठिणगी पुरते. दिवा लावणं धोक्याचं हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. बंद करणंही तितकंच धोक्याचं, हे मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. म्हणून मुलांच्या गोष्टीत ते चुकून चालणार नाही.

खरी अडचण त्या एका वाक्यापेक्षा क्रमाची आहे. तुमची जुई चार खोल्यांत बटणं बंद करत येते. प्रत्येक बटणाला शाबासकी मिळते, हाताला लय लागते आणि त्याच लयीत ती स्वयंपाकघरात शिरते. ऐकणारी मुलंही मनातल्या मनात बटणं दाबत तिच्याबरोबर येतात. नेमक्या तिथे थांबायचं असतं, आणि हात थांबत नाही. म्हणून फेरी उलटी करा. सुरुवात स्वयंपाकघरापासून, तीही नाकाने. मग शेगडी आणि रेग्युलेटर, आणि बटणं सगळ्यात शेवटी. रोजच्या रात्रीचा प्रसंग साधारण असा लिहिता येईल :

‘जुई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. दोन्ही हात पाठीमागे धरले आणि तिने वास घेतला. “आई, फोडणीचा वास येतोय.” “अजून कसला?” जुई खाली वाकली, सिलिंडरच्या बाजूला तोंड करून पुन्हा हुंगलं. “अजून कसलाच नाही.” “मग चल आत.”’

हात पाठीमागे धरायला लावण्याचं कारण उघड आहे. मुलं ती कृती उचलतात, आणि हात गुंतलेले असले की बटणाकडे जात नाहीत. खाली वाकायचंही कारण आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळला की आधी फरशीलगत पसरतो. त्याला स्वतःचा वास नसतो. तो ओळखू यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. सहा-सात वर्षांच्या मुलीचं नाक आईच्या नाकापेक्षा जमिनीला जवळ असतं. आईच्या आधी जुईला वास लागला, तर त्यात ओढूनताणून काही नाही. गोष्टीत तिचं मोठेपण तिथे दाखवा.

आता वास येतो ती रात्र. जुई दारातूनच म्हणते, “आई, घाण वास येतोय,” आणि मागे सरते. तिचं काम इथे संपलं. आई बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करते, शेगडीचे नॉब पाहते, खिडकी उघडते आणि मागच्या गॅलरीचं दारही उघडते. नुसती खिडकी पुरत नाही, कारण ती ओट्याच्या वर असते आणि गॅस खाली साचलेला असतो. दार उघडलं की तो फरशीवरून बाहेर पडायला वाट मिळते. एक्झॉस्ट फॅन लावायचा नाही, तोही बटणानेच चालतो. मग दोघी बाहेर जातात. शेजारच्या काकूंची बेल न वाजवता दार ठोठावतात, आणि बाहेरूनच आई 1906 या क्रमांकावर फोन करते. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

या सगळ्यात स्वयंपाकघरातला दिवा तसाच जळत राहतो. रोज सगळे दिवे बंद करणारी मुलगी आज एक दिवा चालू ठेवून बाहेर पडते, हे मुलांच्या डोळ्यांपुढे नीट उभं करा. “आई, दिवा राहिला!” असं जुईला जिन्यात म्हणू द्या आणि आईला “राहू दे” म्हणू द्या. कारण त्यानंतर सांगा, म्हणजे ते लक्षात राहील.

प्रश्न : शेगडीचे नॉब बंद असताना रेग्युलेटर वेगळा कशाला बंद करायचा, असं माझ्या मुलीने विचारलं. मला नीट सांगता आलं नाही. आणि गोष्टीतल्या मुलीने तो स्वतः बंद केला तर चालेल का? — एक आई, सिडको

नॉब बंद केला की गॅस शेगडीपाशी अडतो. पण सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची रबरी नळी रात्रभर गॅसने भरलेलीच राहते. नळीला चीर गेली किंवा ती जोडापाशी सैल झाली, तर गळती तिथून होते आणि नॉब काही करू शकत नाही. रेग्युलेटर बंद असेल तर गॅस सिलिंडरच्या तोंडाशीच थांबतो. मुलीला उंदराचं उदाहरण द्या. उंदीर नळी खरोखर कुरतडतात, आणि ‘रात्री उंदराने नळी चावली तर?’ हा प्रश्न मुलांना लगेच कळतो. गोष्टीत उंदीर घेतलात तर त्याला लाडका करू नका. त्याचे दात नळीवर उमटलेले दिसू द्या आणि सकाळी आईला नळी बदलून घेऊ द्या. चिकटपट्टी गुंडाळून काम भागवणारी आई नको. नारिंगी सुरक्षा नळीवर छापलेली मुदत असते; ती उलटली की नळी धड दिसत असली तरी बदलतात.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. हात आईचाच हवा. रेग्युलेटरची कळ फिरवणं वेगळं आणि रेग्युलेटर सिलिंडरवरून उचकटणं वेगळं, हा फरक लहान बोटांना कळेलच असं नाही. शिवाय कळ फिरवायला शिकलेलं मूल उद्या ती उलटीही फिरवून बघेल.

जुईला त्याहून चांगलं काम देता येतं. पुष्कळ घरांत आधी रेग्युलेटर बंद करतात, नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझते, आणि शेगडीचा नॉब मात्र उघडाच राहतो. रात्री काही होत नाही. सकाळी चहासाठी रेग्युलेटर उघडला की तो बर्नर न पेटता गॅस सोडू लागतो, आणि कुणीतरी शेजारचा बर्नर पेटवायला लायटर उचलतं. हे पकडायला डोळे हवेत. जुईने ओट्यापाशी उभं राहून प्रत्येक नॉबवरची खूण ‘बंद’कडे आहे ना ते पाहायचं, बोट न लावता मोठ्याने सांगायचं, “डावा बंद, उजवा बंद.” मग आई वाकून रेग्युलेटर बंद करते आणि म्हणते, “खालचा बंद.” उघडा नॉब जुईला एका रात्री सापडला, तर गोष्टीला वेगळं संकट शोधायची गरजच नाही.

प्रश्न : जुईने कोणकोणती बटणं बंद करावीत? यादी खूप लांबते. — कॉलेज रोड

तीन पुरेत : इस्त्री, गिझर, मोबाइलचा चार्जर. नाशिकच्या डिसेंबरातल्या थंडीत गिझर विसरून चालू राहणं ओळखीचं आहे, आणि त्याचा लाल दिवा मुलांना दुरून दिसतो. फ्रिजचं बटण ती मुद्दाम सोडून देते, हे एका वाक्यात येऊ द्या. नाहीतर कुठल्यातरी घरात सकाळी दूध नासेल. जुईचे हात कोरडे हवेत, आणि ती फक्त बटण दाबते. प्लग ओढत नाही, वायरला हात लावत नाही. बाथरूममध्ये पाणी तापवायचा रॉड दिसला तर ती आईलाच हाक मारते.

प्रश्न : अशीच एक गोष्ट मी नातवाला सांगितली. तो पाच वर्षांचा आहे. आता तो रात्री दोनदा-तीनदा उठून “आजोबा, गॅस बंद आहे ना?” विचारतो. चुकलं का माझं? — नाशिक रोड

गोष्टीचा शेवट उघडा राहिला असावा. स्फोट, जळालेलं घर, ‘नाहीतर काय झालं असतं’ असं काही त्यात असेल तर ते काढून टाका. पाच वर्षांच्या मुलाला शक्यता आणि घडलेली गोष्ट यांतलं अंतर रात्री अंथरुणात मोजता येत नाही. वास आला आणि मोठ्यांनी काय केलं, एवढं त्याला पुरतं.

मग तपासणीला एक शेवट द्या, गोष्टीत आणि घरातही. तुम्ही दोघं एकदाच फेरी मारा, आणि ती संपल्याचं नातवानेच मोठ्याने सांगायचं. तो पुन्हा उठला तर त्याच्यासोबत ओट्यापाशी जाऊ नका. दुसऱ्यांदा पाहिलं की पहिलं पाहणं खोटं होतं, आणि तिसऱ्यांदा पाहावंसं वाटतं. “आपण पाहिलंय, तूच सांगितलंस ना” एवढंच अंथरुणातूनच म्हणा. आणि घराची जबाबदारी मोठ्यांची आहे हे गोष्टीत स्पष्ट येऊ द्या : जुई झोपली तरी आई असतेच. एवढं करूनही तीन-चार आठवडे तो असाच उठत राहिला, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे आता पाइपचा गॅस आला आहे. सिलिंडर नाही, कळ फिरवायचा रेग्युलेटरही नाही. मुलांना ही गोष्ट सांगताना काय बदलू? — पाथर्डी फाटा

दोन गोष्टी बदलतील. पाइपवर शेगडीच्या आधी एक कॉक असतो. त्याचा दांडा पाइपच्या रेषेत असेल तर गॅस चालू, पाइपला आडवा असेल तर बंद. लहान मुलांना हे एका नजरेत कळतं, म्हणून जुई “दांडा आडवा” असं सांगू शकते आणि फिरवते आईच.

दुसरं म्हणजे पाइपमधला नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर छताकडे जातो. त्यामुळे जुईने वाकून हुंगायची गरज नाही, आणि वरची खिडकी उघडण्याला इथे जास्त महत्त्व आहे. बटणांचा नियम मात्र अक्षरशः तोच ठेवा. आईने फोन करायचा क्रमांक आपल्या गॅस पुरवठादाराच्या बिलावर छापलेला असतो. तो दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा आणि गोष्टीतही आईने तिथूनच वाचून, बाहेर येऊन फोन लावलेला दाखवा.