स्टोरी पॉइंटशिवाय तारीख कशी सांगायची?

प्रश्न: सायकल टाइम आणि लीड टाइम यांत नेमका फरक काय? पॉइंट बंद केले, तर 30 तिकिटं कधी संपतील हे मॅनेजरला कशाच्या आधारावर सांगू?

मागणी आल्यापासून ती हातात पडेपर्यंतचा काळ म्हणजे लीड टाइम. टीमने काम प्रत्यक्ष हाती घेतल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा काळ म्हणजे सायकल टाइम. बॅकलॉगमध्ये तिकीट तीन आठवडे पडून राहिलं, तर ते तीन आठवडे फक्त लीड टाइममध्ये धरले जातात, पण ग्राहक मोजतो तो लीड टाइमच.

समजा, शेवटच्या 20 तिकिटांचे सायकल टाइम चढत्या क्रमाने असे आहेत (कॅलेंडरचे दिवस, सुरुवातीचा दिवसही धरून): 1, 1, 2, 2, 2, 3, 3, 3, 4, 4, 4, 5, 5, 6, 6, 7, 9, 11, 16, 24. सरासरी 5.9 येते, पण 20 पैकी 7 तिकिटं त्याहून जास्त रेंगाळली. म्हणून सरासरी सांगू नका. 20 चे 85% म्हणजे 17. सतरावा आकडा 9. "हाती घेतलेलं एक तिकीट 85% वेळा 9 दिवसांत संपतं" असं सांगा. त्यात लहानमोठी सगळी तिकिटं आलीच, त्यामुळे आकाराचा अंदाज वेगळा बांधावा लागत नाही.

आता 30 तिकिटं. इथे बरेच जण 30 गुणिले 9 करतात आणि घाबरतात. टीममध्ये कामं समांतर चालतात, त्यामुळे हा गुणाकारच चुकीचा. अनेक तिकिटांसाठी दर आठवड्याला किती संपली ते बघायचं. समजा, 10 आठवड्यांचे आकडे 4, 2, 5, 3, 0, 6, 3, 4, 2, 5 आहेत. तो शून्याचा आठवडा सुट्ट्यांचा होता म्हणून गाळायचा मोह होईल. गाळू नका, तसे आठवडे पुन्हा येणारच.

हे आकडे शीटमध्ये `B2:B11` मध्ये ठेवा आणि एका ओळीत 9 सेलमध्ये हे सूत्र भरा:

```
=INDEX($B$2:$B$11,RANDBETWEEN(1,10))
```

प्रत्येक सेल म्हणजे पुढचा एक आठवडा, आणि तो जुन्या आठवड्यांतला एक आकडा चिठ्ठीसारखा उचलतो. ओळीची बेरीज घ्या, अशा हजार ओळी करा आणि किती ओळींत बेरीज 30 किंवा जास्त झाली ते मोजा. मग ओळीत 10 आणि 11 सेल घेऊन हेच पुन्हा करा. 9 आठवड्यांना साधारण 60% ओळी जमतात, 10 ला 80% च्या आसपास, 11 ला 90% च्या वर. मॅनेजरला एकच तारीख न देता या तिन्ही द्या. किती धोका पत्करायचा हे त्याने ठरवायचं.

हे टिकतं ते टीम आणि कामाची पद्धत साधारण तीच राहिली तरच. आधीचं न संपवता नवीन तिकिटं ओढली जात असतील, तर उघड्या तिकिटांची संख्या वाढते, सायकल टाइम लांबतो आणि जुने आकडे निरुपयोगी होतात. म्हणून रोज सकाळी बोर्डवर उघड्या तिकिटांचं वय बघा. 9 दिवस ओलांडलेलं तिकीट कशात अडकलंय ते आधी विचारा, मगच नवीन हाती घ्या.